रेफरन्स चेकचं उत्तर: नोंदींची ढिलाई लिहायची का?

«ताई, मी रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग फॅक्टरीत क्वालिटी विभागात शिफ्ट इनचार्ज आहे आणि मुक्त विद्यापीठातून पदवीचं शेवटचं वर्ष करतोय. माझ्या हाताखाली दोन सीझन काम केलेल्या मुलाने पुण्यातल्या एका फूड कंपनीत क्यूसीच्या जागेसाठी अर्ज केलाय आणि रेफरन्स म्हणून माझं नाव दिलंय. तिथल्या एचआरचा मेल आलाय: पद काय होतं, काम कसं होतं, सुधारणा कुठे हवी, पुन्हा घ्याल का? मुलगा कामाला चांगला, पण नोंदी वेळेवर ठेवायचा नाही. शिवाय बायोडेटात त्याने ‘क्यूसी सुपरवायझर’ लिहिलंय, होता तो असिस्टंट. त्याची आत्या आमच्याच वाडीत राहते. ‘जरा चांगलंच लिही हो’ म्हणून सांगून गेली. काय लिहू?»

मेलला उत्तर देण्याआधी त्या मुलाला फोन करा. तुमचं नाव खरंच त्यानेच दिलंय ना, हे तर विचाराच, पण फोनचं खरं कारण पदाचं आहे. त्याला सरळ सांगा, ‘मी असिस्टंट असंच लिहिणार. बायोडेटा दुरुस्त करून तूच आधी त्यांना कळव.’ नेमणूकपत्र किंवा अनुभवाचा दाखला मागितला की हे उघडं पडणारच आहे. उमेदवाराने स्वतःहून केलेली दुरुस्ती एचआर बहुतेक वेळा समजून घेतं. तीच गोष्ट तुमच्या मेलमधून पहिल्यांदा कळली तर ती लबाडी ठरते, आणि तुम्ही सुपरवायझर म्हणून दुजोरा दिलात तर त्या लबाडीत तुम्हीही आलात. अशा फुगवलेल्या पदामागे कधी कधी थोडं खरंही असतं. रात्रपाळीला इनचार्ज नसताना तो एकट्याने लाइन बघत असेल, तर ते कामाच्या वर्णनात जरूर लिहा. पद मात्र कागदावर आहे तेच.

दुसरा फोन तुमच्या स्वतःच्या एचआरला. बऱ्याच कंपन्यांत तारखा आणि पद यापलीकडे काही कळवायचं नाही असा नियम असतो आणि तेही एचआरनेच कळवायचं असतं. तसं असेल तर पुण्याला तेवढंच लिहा आणि कंपनीच्या नियमामुळे अधिक सांगता येत नाही हेही लिहा. नाहीतर तुमच्या गप्प बसण्याचा ते भलताच अर्थ काढतील.

आता नोंदी. हा दोष दुसऱ्या एखाद्या नोकरीसाठी किरकोळ ठरला असता. तो मुलगा मालवणात हॉटेलच्या रिसेप्शनवर चालला असता तर मी म्हटलं असतं, सोडून द्या. पण तो क्यूसीत चाललाय. पल्प भरतानाचं तापमान, ब्रिक्स म्हणजे साखरेचं प्रमाण, पीएच, डब्याच्या सांध्याची म्हणजे सीमची मापं हे सगळं ठरलेल्या वेळी बॅच शीटवर चढलं नाही, तर दोन महिन्यांनी डबा फुगल्याची तक्रार आल्यावर कुठल्या वेळचा माल अडवायचा हेच कळत नाही. म्हणजे पुण्याचे लोक ज्या कामासाठी माणूस घेतायत, नेमका त्यातलाच हा दोष आहे. तो गाळून बाकीचं कितीही खरं लिहिलंत तरी उत्तर फसवंच होईल.

लिहिण्याआधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा: तो आकडे उशिरा उतरवायचा की मनाने भरायचा? कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं रीडिंग शिफ्टच्या शेवटी शीटवर चढवणं ही ढिलाई आहे. मोजमाप न करताच आकडा टाकणं हा खोटेपणा आहे. ‘नोंदी वेळेवर नसायच्या’ एवढ्या मोघम वाक्यातून वाचणारा दुसराही अर्थ काढू शकतो आणि मुलाचं विनाकारण नुकसान होतं. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, त्यातला नेमका प्रकार लिहा. मग तुम्ही काय केलंत आणि त्याने काय फरक पडला, तेही लिहा. ‘आळशी’, ‘बेफिकीर’ असे शिक्के नकोत. स्वभावावर निकाल द्यायला त्यांनी तुम्हाला विचारलेलं नाही.

कौतुकाचंही तसंच. ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू’ हे शब्द एचआरच्या डोळ्यांखालून रोज जातात आणि काहीही न सांगता निघून जातात. एक घडलेला प्रसंग द्या. समजा, त्याचा प्रकार ढिलाईचाच होता आणि तुमच्याकडे असा एक प्रसंग आहे, तर उत्तर साधारण असं होईल. मेल बहुधा इंग्रजीत जाईल, पण मांडणी आधी आपल्या भाषेत पक्की करा.

‘त्यांनी 2023 आणि 2024 च्या आंबा सीझनमध्ये माझ्या शिफ्टमध्ये क्यूसी असिस्टंट म्हणून काम केले. मी त्यांचा थेट वरिष्ठ होतो. काही रात्रपाळ्यांत लाइनवरील तपासणी त्यांनी एकट्याने सांभाळली. सीम तपासणीत त्यांचा हात चांगला आहे. एकदा ओव्हरलॅप कमी आढळताच त्यांनी लाइन थांबवली आणि आधीच्या तपासणीपासूनचे सर्व डबे बाजूला काढले. पहिल्या सीझनमध्ये ते तासाच्या नोंदी शिफ्टच्या शेवटी एकदम करत. रीडिंग घेतलेले असे, शीट भरलेली नसे. त्यांना समज दिली. दुसऱ्या सीझनमध्ये बरीच सुधारणा झाली, मात्र मे महिन्याच्या गर्दीत काही वेळा आठवण करावी लागली. सुरुवातीचे काही महिने नोंदींवर लक्ष ठेवले जाणार असेल, तर मी त्यांना पुन्हा याच कामावर घेईन.’

पुरे. तारखा आठवणीने लिहू नका, हजेरीपटावरून घ्या. शेवटचं वाक्य मुद्दाम अटीसकट लिहिलंय, कारण ‘पुन्हा घ्याल का’ या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी वाचलं जातं. नुसतं ‘हो’ लिहिलंत तर वरच्या दोषाशी ते जुळत नाही, आणि ‘सांगता येत नाही’ हे तर जवळजवळ ‘नाही’च. अट घातली की त्यांना पुढे काय करायचं तेही कळतं. तुमचं खरं उत्तर ‘नाही’ असेल, तर मात्र हे वाक्य माझ्याकडून उसनं घेऊ नका. त्या मुलाला आत्ताच सांगा, दुसऱ्या कुणाचं नाव दे.

त्याची तब्येत, घरची परिस्थिती, लग्न, पगार, फॅक्टरीत ऐकलेल्या गोष्टी यातलं काहीही उत्तरात येता कामा नये, विचारलं तरी. बदनामीची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला अपवाद आहे, पण सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन बोलणं. ऐकीव गोष्ट त्यात बसत नाही.

आत्याबाईंना मेल दाखवू नका. ‘त्याचं चांगलं काम लिहिलंय’ एवढं सांगा, ते खरंच असेल. दोषाबद्दल बोलायचं ते त्या मुलाशीच, त्याच पहिल्या फोनवर. मुलाखतीत हाच प्रश्न आला तर तो गडबडणार नाही आणि त्याचं नि तुमचं सांगणं जुळेल.

मेलनंतर पुण्याहून फोन येण्याची शक्यता आहे. फोनवर लोक मुद्दाम थोडा वेळ गप्प बसतात आणि ती शांतता भरायला आपण नको ते बोलून जातो. ‘तसा जरा हट्टीच हो’ अशी वाक्यं तिथेच निसटतात. लिहिलेला मेल समोर ठेवा, त्यातलंच सांगा, आणि नवीन काही विचारलं तर ‘लेखी कळवतो’ म्हणा.