चौदा स्लाइडवरून परिपाठाचे तीन मिनिटांचे निवेदन

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत यंदाच रुजू झाले आहे. मुख्याध्यापकांनी आगामी उपक्रम, शाळेचे नियम आणि विद्यार्थ्यांचे यश यांवरच्या चौदा स्लाइड दिल्या असून सोमवारी, १५ डिसेंबर २०२५ रोजी, परिपाठात त्यांवरून मराठीत निवेदन करायला सांगितले आहे. तीन मिनिटे मिळतील. नमुन्यादाखल तीन स्लाइड : ‘शैक्षणिक सहल, पाटणादेवी, शुक्र. २०/१२, इ. ८ वी व ९ वी, रिपोर्टिंग ६.३०, संमतिपत्र १७/१२ पर्यंत अनिवार्य’. ‘नियम : गणवेश, ओळखपत्र, वक्तशीरपणा, मोबाइल बंदी, सायकल स्टँड’. ‘यश : तालुका विज्ञान प्रदर्शन, द्वितीय, इ. ९ वी, ठिबक’. निवेदन कसे लिहू?

उत्तर :

लिहायला बसण्यापूर्वी सहलीच्या स्लाइडवरील वार तपासावा. २० डिसेंबरला शुक्रवार होता तो २०२४ मध्ये. २०२५ मध्ये त्या तारखेला शनिवार येतो. गेल्या वर्षीचीच फाइल उघडून, मजकूर वरवर बदलून ती पुढे पाठवली जाते, तेव्हा तारीख आणि वार यांची अशी फारकत हमखास राहते, आणि एक वार जुना राहिला असेल तर वेळ, इयत्ता आणि शुल्क हेही जुनेच असण्याची शक्यता गृहीत धरावी. म्हणून वार स्वतःच दुरुस्त करून मोकळे होऊ नये. सहलप्रमुखांना भेटून, या वर्षी तारीख वीस ठरली आहे की शुक्रवार ठरला आहे, असे सरळ विचारावे. स्लाइडवरची चूक नंतर कोणीही दुरुस्त करू शकते. माइकवरून सांगितलेला वार मात्र त्याच दिवशी चारशे घरांत पोचलेला असतो.

त्याच भेटीत स्लाइडवर नसलेल्या गोष्टीही विचारून घ्याव्यात. हजर कुठे राहायचे, शाळेच्या फाटकाशी की बसस्थानकावर? परत किती वाजता यायचे? सहलीला न जाणाऱ्या वर्गांची शनिवारची सकाळची शाळा भरणार की नाही? आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजूबाजूच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी मुले साडेसहाला पोचणार कशी? पहिली गाडी त्यानंतर येत असेल तर ‘रिपोर्टिंग ६.३०’ ही सूचना त्यांच्यापुरती निरुपयोगी ठरते. हा प्रश्न सोमवारी निवेदनानंतर वर्गावर्गांतून येण्यापेक्षा त्याआधीच्या शनिवारीच कार्यालयात निघालेला बरा.

आता किती बोलायचे ते पाहू. मैदानावर शेवटच्या ओळीपर्यंत स्पष्ट पोचेल अशा संथ गतीने वाचले, तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. मध्ये टाळ्यांचा वेळ आणि त्यानंतर शांतता होईपर्यंतचा वेळ जातो. म्हणजे तीन मिनिटांत दोनशे, फार तर सव्वादोनशे शब्द बसतात आणि तेवढ्यात चौदा स्लाइड मावत नाहीत. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे, राज्यगीत पावणेदोन मिनिटांच्या आतले. शिवाय प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष हे सर्व त्याच परिपाठात असते आणि मुले उभी असतात. त्यामुळे निवड करावीच लागते. मी निवडीसाठी एकच कसोटी लावते : हे ऐकून विद्यार्थ्याला बुधवारच्या आत काही करायचे आहे का? सहलीसाठी सही आणायची आहे, म्हणून सहल घ्यावी. आपल्या स्लाइडमध्ये २४ डिसेंबरची साने गुरुजी जयंती असणारच, कारण अमळनेरला, गुरुजी जिथे शिक्षक होते त्या गावाच्या परिसरात, ती सुटत नाही. परंतु तिच्यासाठी सोमवारी कोणाला काही करायचे नसेल, तर ती गुरुवारच्या परिपाठासाठी राखून ठेवावी आणि आज सूचनाफलकावर लिहावी.

स्लाइडचा क्रम उपक्रम, नियम, यश असा आहे. निवेदनात तो उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लाइड पाहणारा माणूस मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते आणि त्याच्या कानात शेवटचे वाक्य सर्वांत जास्त टिकते. सहलीची सूचना आधी दिली आणि यशाची वार्ता शेवटी, तर टाळ्यांच्या गजरात ‘बुधवारपर्यंत’ हा शब्द वाहून जातो व मुले वर्गात जाताना बक्षिसाविषयी बोलत जातात. यश आधी सांगितले की मुले सावध होतात, टाळ्या वाजवून मोकळी होतात. मग एक नियम. आणि ज्यावर कृती करायची ती सूचना सर्वांत शेवटी.

यशाच्या स्लाइडवर बहुधा छायाचित्र असते आणि त्याखाली दोन-तीन शब्द. ते छायाचित्र मैदानावर दिसत नाही, त्यामुळे त्याचे काम एका वाक्याने करावे लागते. ‘ठिबक’ एवढ्यावर न थांबता विद्यार्थ्यांनी नेमके काय केले, ते त्यांनाच विचारून लिहावे. नावांचा उच्चारही त्यांच्याकडूनच ऐकावा, कारण विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याकडील पावरा किंवा भिल्ल कुटुंबांतील आडनावे कार्यालयातील यादीत अनेकदा चुकीची लिहिलेली असतात. पारितोषिकप्राप्त मुलांची मोठी यादी असेल तर ती फलकावर लावावी. माइकवर एका वेळी दोन-तीनच नावे घ्यावीत.

नियमांच्या स्लाइडवर पाच नियम आहेत आणि पाचही वाचले तर एकही ऐकला जात नाही. या आठवड्यात प्रत्यक्ष अडचण ज्याची आहे तोच घ्यावा आणि काय करू नये यापेक्षा काय करावे, कुठे करावे, हे सांगावे. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. काही शाळांत नियमांच्या स्लाइडला उशिरा येणाऱ्यांची किंवा शुल्क थकलेल्यांची यादी जोडलेली असते. ती परिपाठात वाचू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मुलांच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि सर्व शाळेसमोर नाव पुकारून लाजवणे त्यापासून फार दूर नाही. ते काम वर्गशिक्षकांनी पालकांशी बोलून करायचे असते.

उरले ते भाषेचे. स्लाइडवर क्रियापद नसते. बोलताना ते लागते. ‘२०/१२’ हे ‘शनिवारी, वीस डिसेंबरला’ असे आणि ‘६.३०’ हे ‘सकाळी साडेसहा वाजता’ असे पूर्ण अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे वाचताना अडखळायला होत नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या पाचवीच्या मुलालाही एका ऐकण्यात समजेल असे वाक्य ठेवावे. ‘संमतिपत्र सादर करणे अनिवार्य’ हे परिपत्रकात शोभते, मैदानावर नाही. आणि सूचना कोणासाठी आहे ते वाक्याच्या सुरुवातीला यावे, कारण आठवी-नववीची मुले तिथेच कान टवकारतात.

वरील तीन स्लाइडवरून मी पुढीलप्रमाणे निवेदन लिहीन. सहलीचा वार, परतीची वेळ, जागा, बाकीच्या वर्गांची शाळा, सहीचा कागद मिळण्याची वेळ, विजेत्या दोन मुली आणि विज्ञान प्रतिकृतीचे वर्णन हे मी गृहीत धरले आहे. आपण चौकशी करून खरा तपशील घालावा.

‘सर्वांना नमस्कार. आपल्या नववीच्या दोन विद्यार्थिनींनी तालुका विज्ञान प्रदर्शनात दुसरा क्रमांक मिळवला आहे. केळीच्या बागेत ठिबकची नळी कुठे तुंबली आहे, हे दिवा लागून कळेल अशी प्रतिकृती त्यांनी तयार केली. [दोघींची पूर्ण नावे.] दोघींनी पुढे यावे. [टाळ्या. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबावे.]

आता सायकलीने येणाऱ्यांसाठी. फाटकाच्या आत सायकल चालवायची नाही. फाटकाशी उतरायचे, सायकल हातात धरून स्टँडपर्यंत न्यायची आणि कुलूप लावायचे. लहान वर्गांची मुले त्याच वाटेने पळत येतात, म्हणून हा नियम आहे. [थांबावे.]

आता आठवी आणि नववीसाठी सहलीची सूचना. आपली सहल शनिवारी, वीस डिसेंबरला, पाटणादेवीला जाणार आहे. सकाळी साडेसहा वाजता शाळेच्या फाटकाशी हजर राहायचे आहे. संध्याकाळी सात वाजेपर्यंत आपण परत येऊ. बाकीच्या वर्गांची शाळा शनिवारी नेहमीप्रमाणे भरेल. सहलीला येण्यासाठी आईवडिलांची सही हवी. सहीचा कागद आज तिसऱ्या तासाला वर्गात मिळेल. तो परवा, बुधवारी, वर्गशिक्षकांकडे द्यायचा आहे. बाहेरगावाहून एस.टी.ने येणाऱ्या मुलांनी आज मधल्या सुट्टीत वर्गशिक्षकांना आपले नाव सांगावे. पुन्हा सांगते. सहीचा कागद बुधवारपर्यंत. सहल शनिवारी. सकाळी साडेसहाला.’

हे साधारण दीडशे शब्दांचे आहे; टाळ्या आणि थांबे धरून अडीच मिनिटांत संपते. उरलेला अर्धा मिनिट भरण्यासाठी आणखी एखादी स्लाइड त्यात घालू नये. ‘सकाळी साडेसहा’ आणि ‘बुधवार’ यांची पुनरावृत्ती मात्र गाळू नये, कारण मैदानासमोर इमारतीची भिंत असेल तर आवाज परत येऊन पहिल्या वेळचा शब्द अस्पष्ट होतो.

कागदावर मजकूर मोठ्या अक्षरांत, एकाच बाजूला लिहावा किंवा छापावा. मोबाइलवरून वाचू नये, सकाळच्या उन्हात पडदा दिसत नाही. स्लाइडमधील मजकूर नकलून घेताना आणखी एक अडचण येते. जुन्या शाळांतील बऱ्याच फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतात आणि तो फाँट आपल्या संगणकावर नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. रूपांतरकावर विसंबून राहण्यापेक्षा, ज्या संगणकावर स्लाइड नीट दिसतात तिथे बसून दीडशे शब्द नव्याने लिहावेत. रूपांतरात जोडाक्षरे आणि आकडे बिघडतात आणि बिघडलेला आकडा जोडाक्षरासारखा चटकन डोळ्यांत भरत नाही.

लिहून झालेला कागद सहलप्रमुख आणि मुख्याध्यापक यांना दाखवून त्यावर सही घ्यावी व निवेदनानंतर तोच सूचनावहीत चिकटवावा, म्हणजे सोमवारी गैरहजर असलेल्या मुलांना वर्गशिक्षक तेच शब्द वाचून दाखवू शकतील. निवेदन संपताच शेवटच्या ओळीतील एखाद्या मुलाला ‘कागद कधीपर्यंत आणायचा?’ असे सहज विचारावे. उत्तर ‘शनिवारपर्यंत’ असे आले तर दोन्ही वार एकमेकांत मिसळले आहेत असे समजून शेवटच्या तीन ओळी तिथल्या तिथे आणखी एकदा वाचाव्यात. बुधवारी दुपारी प्रत्येक तुकडीत किती सह्या आल्या ते पाहावे. एकाच तुकडीत फार कमी असतील तर दोष बहुधा निवेदनाचा नसून सहीचे कागदच त्या वर्गात पोचलेले नसतात.