हिरव्या पडद्यावरचा असमान उजेड, गालावरची हिरवी झाक आणि केसांच्या कडा

प्रश्न: "माझी बहीण पैठणी नेसून वेरूळच्या कैलास लेण्याची माहिती सांगते, असा व्हिडिओ आम्ही घरीच हिरवे कापड लावून मोबाइलवर 4K मध्ये घेतला. मोबाइल स्टँडवर पक्का होता. कापडावर डावीकडे उजेड जास्त पडला आणि उजवा कोपरा काळवंडला. की लावल्यावर केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात, गालावर हिरवट झाक राहते आणि हातातला हिरवा चुडा गायब होतो. पुन्हा चित्रीकरण शक्य नाही. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरतो. काय करावे?"

उत्तर:

केस कापले जाण्याचे कारण केसांत नसून उजव्या कोपऱ्यात आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी लागेल. कीअर, म्हणजे पडद्याचा रंग ओळखून तो पारदर्शक करणारे साधन, प्रत्येक बिंदूच्या हिरव्या मूल्यातून लाल आणि निळ्यापैकी जे मोठे असेल ते वजा करतो आणि उरलेला फरक आपण निवडलेल्या पडद्याच्या रंगातील फरकाशी ताडून पाहतो. समजा, डावीकडच्या उजळ कापडावर हिरवा 0.60 आणि लाल व निळा प्रत्येकी 0.20 आहे, तिथे फरक 0.40 येतो. उजव्या कोपऱ्यात हिरवा 0.30 आणि बाकीचे 0.12 असतील, तर फरक फक्त 0.18 येतो. आपण डावीकडचा रंग निवडला, तर कीअरच्या हिशेबाने उजवा कोपरा साधारण 55 टक्के अपारदर्शक ठरतो आणि पडदा धुरकट दिसत राहतो. तो घालवण्यासाठी आपण Threshold ओढता. पण केसांच्या बारीक बटाही नेमक्या याच अर्धपारदर्शक पट्ट्यात असतात, त्यामुळे कोपऱ्याबरोबर त्याही जातात आणि कडेला कात्रीची रेघ उरते.

यावरचा खरा उपाय म्हणजे पडद्याचा एकच रंग न निवडता, प्रत्येक जागेचा आपापला रंग कीअरला देणे. त्यासाठी रिझॉल्व्हच्या फ्युजन या विभागात Clean Plate नावाचा नोड आहे. MediaIn नंतर प्रथम Resize लावून चित्र 1920 × 1080 करून घ्यावे. मोबाइलच्या चित्रणात रंगाची माहिती सहसा आडवी आणि उभी निम्म्याच बिंदूंवर साठवलेली असते. 4K चित्र निम्मे केले की प्रत्येक बिंदूला जवळपास स्वतःचा रंग मिळतो आणि कडांची दातेरी रेघ की लावण्याआधीच बरीचशी मऊ होते. त्यानंतर Clean Plate जोडून कापडाचा उजळ भाग, मधला भाग आणि काळवंडलेला कोपरा असे तिन्ही रंग निवडावेत. बहिणीच्या आकृतीभोवती मळकट किनार उरली असेल तर ती जाईपर्यंत Erode थोडे वाढवावे, मग Grow Edges ने पोकळी कडांपासून आत भरत आणावी आणि शेवटी Fill वर खूण करावी. व्ह्यूअरमध्ये आता माणूस नसलेले, पण सावल्या आणि सुरकुत्या जशाच्या तशा असलेले कापड दिसले पाहिजे. केसांचा किंवा साडीचा काळपट डाग त्यात दिसत असेल तर Erode कमी पडले आहे.

हे चित्र Delta Keyer च्या क्लीन प्लेट इनपुटला जोडावे. बाणावर कर्सर नेला की इनपुटचे नाव दिसते. आता उजव्या कोपऱ्यातला 0.18 हा फरक तिथल्याच 0.18 शी ताडला जातो आणि कोपरा पूर्ण पारदर्शक होतो. त्याच कोपऱ्यातल्या अर्धपारदर्शक बटेचा फरक 0.09 आला तर ती अर्धीच राहते, आणि Threshold ला जवळजवळ हात लावावा लागत नाही. खोलीत पंखा चालू असेल आणि कापड हलत असेल, तर एकच फ्रेम धरून ठेवू नये. प्लेट प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र होऊ द्यावी.

केसांसाठी ठेवलेल्या या नाजूक कीमध्ये चेहरा आणि साडी थोडी पारदर्शक राहील. त्यासाठी दुसरा Delta Keyer घेऊन त्याची की मुद्दाम कडक करावी, Erode ने कड चांगली आत ओढावी आणि ती पहिल्याच्या Solid Matte इनपुटला द्यावी. म्हणजे आतला भाग भरीव होतो आणि कडा नाजूक कीच्याच राहतात. चुड्याभोवती हाताच्या हालचालीप्रमाणे सरकणारा Polygon काढून तोही याच भरीव भागात मिळवावा. याला वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही: कीअरच्या दृष्टीने चुडा आणि पडदा एकाच रंगाचे आहेत.

गालावरची झाक मात्र कीमधून काढू नये. पारदर्शकता आणि रंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. Delta Keyer मधून फक्त अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची वाहिनी, घ्यावा, रंग Resize नंतरच्या मूळ चित्रातून Custom Tool कडे न्यावा, आणि दोन्ही Matte Control मध्ये एकत्र करून Post Multiply वर खूण करावी. Custom Tool च्या हिरव्या वाहिनीत हे सूत्र लिहावे:

```
min(g1, (r1+b1)/2)
```

हिरवा रंग लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर गेला तर तो सरासरीवर येतो. गालाचा लाल 0.60, हिरवा 0.52, निळा 0.36 असेल, तर हिरवा 0.48 होतो आणि झाक उतरते. पण हेच सूत्र पैठणीच्या जरीवर लावले तर घात होतो. जरीचे मूल्य लाल 0.80, हिरवा 0.65, निळा 0.20 असे असेल, तर हिरवा 0.50 वर येऊन सोनेरी काठ तांबूस दिसू लागतात. पैठणीवर, दागिन्यांवर आणि हळदीकुंकवातल्या हळदीवर मी म्हणूनच दुसरे सूत्र वापरतो:

```
min(g1, max(r1, b1))
```

यात जरीचा 0.65 तसाच राहतो, मात्र गालावर या सूत्राचा काहीच परिणाम होत नाही, कारण आपल्या त्वचेत लाल मुळातच जास्त असतो. चेहरा, मान आणि केस यांच्याभोवती मऊ कडेचा मुखवटा करून आत पहिले सूत्र आणि बाहेर दुसरे, अशी विभागणी करावी. चुडा दोन्हींतून वगळावा, नाहीतर तो करडा होईल.

केसांच्या बटांमधून हिरवा गेला तरी पडद्याचा उजेड त्यांत उरतो, त्यामुळे काळ्या बटा कडेला राखाडी दिसतात. अल्फामधून त्याचीच आत ओढलेली प्रत वजा केली की फक्त कडेचा मुखवटा मिळतो. तो लावून Gain थोडे खाली आणावे, आतल्या केसांच्या काळेपणाशी जुळेल इतकेच. जास्त उतरवले तर डोक्याभोवती काजळाची रेघ उठते.

तपासणी स्थिर फ्रेमवर करू नये. व्ह्यूअरमध्ये A दाबून अल्फा पाहत, बहीण मान वळवते तो भाग चालवून पाहावा. बटांच्या जागी मुंग्यांसारखी वळवळ दिसली, तर ती चित्रणातल्या नॉइजमुळे आहे. कोपऱ्यातला हिरव्याचा फरक नॉइजइतकाच उरला असेल, तर तिथल्या सुट्या बटा कोणत्याही कीने परत येणार नाहीत. तेवढ्या भागात नको असलेला भाग कापणारा Garbage Matte डोक्याजवळ आणून त्या सोडून द्याव्यात. वळवळणाऱ्या बटांपेक्षा नसलेल्या बटा कमी खटकतात.

कैलास लेण्याचे छायाचित्र मागे बसवताना केसांमागे आकाश येऊ देऊ नये, कारण काळ्या केसांची प्रत्येक चूक उजळ आकाशावर उघडी पडते. आणि गाभाऱ्याची गडद सावलीही नको, कारण तिच्यावर राखाडी बटा चमकतात. मधल्या उजेडातली बेसॉल्टची कोरीव भिंत केसांमागे येईल असे छायाचित्र सरकवावे आणि ते किंचित धूसर करावे.