यूट्यूब व्हिडिओचे टॅग, हॅशटॅग आणि कॅटेगरी खरंच सेव्ह झाली का, हे कसं पाहायचं?

प्रश्न: मी सायकलचं पंक्चर काढण्याच्या व्हिडिओला टॅग, हॅशटॅग टाकले, कॅटेगरीही निवडली. पण व्हिडिओखाली टॅग दिसतच नाहीत. ते सेव्ह झालेत का, आणि यूट्यूब त्यातलं काय वापरतं?

टॅग प्रेक्षकांना दिसतच नाहीत, त्यामुळे व्हिडिओखाली शोधून उपयोग नाही. आधी स्टुडिओत व्हिडिओ उघडून Show more दाबा, पान रिफ्रेश करा आणि टॅग टिकलेत का बघा. खात्रीसाठी कॉम्प्युटरवर, शक्यतो लॉगइन न करता, व्हिडिओचं पान उघडा, Ctrl+U दाबून सोर्स काढा आणि त्यात `"keywords":[` शोधा. टॅग सेव्ह असतील तर असं काहीतरी दिसेल:

```
"keywords":["सायकल पंक्चर","सायकल पंचर"]
```

वरच्या meta ओळीतही keywords असतात, पण तिच्यावर जाऊ नका. टॅग नसले तरी तिथे "video, sharing, camera phone" असे यूट्यूबचे स्वतःचे ठरलेले शब्द येतात आणि ते वाचून लोक उगाच गोंधळतात. कॅटेगरीसाठी त्याच सोर्समध्ये `"category":` शोधा. Howto & Style निवडली असेल तर & च्या जागी `\u0026` दिसेल. ते बरोबरच आहे.

तुम्ही एखाद्या बाहेरच्या टूलमधून माहिती बदलत असाल तर इथे जरा जपा. अशी टूल्स यूट्यूबच्या एपीआयने snippet, म्हणजे शीर्षक, वर्णन, टॅग यांचा एकत्र भाग, अपडेट करतात आणि तेव्हा टॅग सोबत पाठवले नाहीत तर आधीचे टॅग पुसले जातात. बदललं फक्त वर्णन आणि गेले टॅग, असं होतं ते यामुळेच.

हॅशटॅगची तपासणी सोपी आहे. वर्णनातला हॅशटॅग निळी लिंक झाला आणि दाबल्यावर त्याचं पान उघडलं, म्हणजे तो ओळखला गेला. `#सायकल पंक्चर` असं मध्ये जागा सोडून लिहिलंत तर लिंक फक्त `#सायकल` ची होईल. एका व्हिडिओत ६० पेक्षा जास्त हॅशटॅग झाले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं, जादाचे तेवढेच नव्हे.

आता वापराचं. व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा अगदी कमी असतो, हे यूट्यूबच्या मदत-पानावरच लिहिलंय. लोक एखादा शब्द हमखास चुकीचा टाइप करत असतील तिथे ते कामाला येतात. म्हणून तुमच्या बाबतीत "पंचर" हा टॅग मी नक्की ठेवेन. बाकी वीस-पंचवीस शब्द भरत बसण्यापेक्षा तो वेळ शीर्षकाला द्या. कॅटेगरी योग्य ती एकदा निवडा आणि सोडून द्या, ती बदलून व्ह्यूज वाढतील या आशेवर राहू नका.

हॅशटॅगचा उपयोग मात्र मोजता येतो. ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडा आणि Hashtag pages ही ओळ बघा. ती नसेल किंवा आकडा नगण्य असेल, तर हॅशटॅग सेव्ह झालेले असूनही त्यांच्या पानांवरून तुमच्याकडे कोणी येत नाहीये.