१७ ऑगस्ट का चालत नाही?

प्रश्न: शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं. पर्याय दहा: मे १५, १६, १९, जून १७, १८, जुलै १४, १६, ऑगस्ट १४, १५, १७. अल्बर्टला फक्त महिना सांगितलाय, बर्नार्डला फक्त तारीख.
अल्बर्ट: "मला माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे."
बर्नार्ड: "आधी माहीत नव्हतं, आता कळलं."
अल्बर्ट: "मग मलाही कळलं."
माझं उत्तर १७ ऑगस्ट येतंय, छापलेलं १६ जुलै आहे. कुठे चुकतोय?

उत्तर: तुम्ही बहुधा असं केलंय: १८ आणि १९ एकेकदाच येतात, बर्नार्डला माहीत नाही, म्हणून त्या दोन तारखा खोडल्या. जूनमध्ये एकटी १७ उरली, पण अल्बर्टलाही माहीत नाही, म्हणून तीही गेली. आता १७ फक्त ऑगस्टमध्ये. २०१५ मध्ये सिंगापूरच्या एका शालेय गणित स्पर्धेतून हे कोडं जगभर गाजलं, तेव्हाही पुष्कळ जण इथेच अडकले होते.

प्रश्न असा विचारा: बर्नार्डला माहीत नाही हे अल्बर्टला कुठून कळलं? बर्नार्ड तर अजून बोललेलाच नाही. अल्बर्टच्या हातात फक्त महिना आहे.

कोथरूडला आमच्या घरी मी हे भाचीला चिठ्ठ्या करून दाखवलं. तिला 'मे' लिहिलेली चिठ्ठी दिली आणि अल्बर्टचं वाक्य म्हणायला सांगितलं. तिने ते धडाधडा म्हटलं. मी विचारलं, "दादाच्या चिठ्ठीवर १९ असेल तर?" ती थांबली. पर्यायांच्या कागदावर मे महिन्याच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामा, मग मी हे बोलूच शकत नाही."

तेच मर्म आहे. मे हातात असेल तर १९ची शक्यता उरतेच, आणि १९ असेल तर बर्नार्डला पहिल्याच क्षणी उत्तर ठाऊक असणार. जूनमध्ये १८मुळे तेच. त्यामुळे नुसत्या १८ आणि १९ खोडायच्या नाहीत, मे आणि जून हे महिनेच्या महिने जातात.

उरतात जुलै १४, १६ आणि ऑगस्ट १४, १५, १७. बर्नार्ड म्हणतो आता कळलं, म्हणजे दोन्ही महिन्यांत असलेली १४ नाही. राहिल्या १६ जुलै, १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट. ऑगस्ट असता तर अल्बर्ट १५ की १७ यातच अडकला असता. त्यालाही कळलं, म्हणजे १६ जुलै.

तुमचं उत्तर मात्र निराधार नाही, ते वेगळ्या संवादाचं उत्तर आहे. समजा बर्नार्ड आधी बोलला, "मला माहीत नाही." मग अल्बर्ट म्हणाला, "मला अजूनही माहीत नाही." त्यावर बर्नार्ड म्हणाला, "आता कळलं." तिथे १८ आणि १९ याच दोन तारखा आधी जातात, मग १७ जून, आणि उत्तर १७ ऑगस्टच येतं.