जपानीत तो, बा, तारा, नारा या चारींचा अर्थ 'जर-तर'च ना? मग एकट्या तारावर भागेल का?

नाही भागत. आमचे क्लासचे सर म्हणायचे, "गोंधळलात की तारा ठोका, कधी चुकणार नाही." मी ठोकला आणि तोंडघशी पडलो.

चाकणच्या एका कारखान्यात तेव्हा मी दुभाषी होतो. जुलैत नागोयाहून एक पाहुणे साइट बघायला येणार होते. आवारात घोटाभर चिखल, म्हणून येतानाच गमबूट घेऊन या असं कळवायचं होतं. मी लिहिलं, 'पुने नि कितारा, नागागुत्सु ओ कात्ते कुदासाइ.' गृहस्थ चकचकीत चामडी बूट घालून उतरले आणि गाडीत बसताच अदबीने विचारलं, "गमबुटांचं दुकान कुठे आहे?" चूक त्यांची नव्हतीच. 'कितारा' म्हणजे 'आल्यावर': आधी येणं, मग खरेदी. मला हवं होतं 'कुरु नारा', म्हणजे 'येणार असाल तर'. नारामध्ये समोरच्याचा बेत गृहीत धरून आपण सल्ला देतो, त्यामुळे सल्ल्यातलं काम आधीही करता येतं. दारू पिऊन गाडी चालवू नका हे सांगणारी जपानी घोषणा बघा: 'नोन्दारा नोरुना, नोरुनारा नोमुना.' प्यायल्यावर चालवू नका, चालवणार असाल तर पिऊ नका. या दोघांची अदलाबदल केलीत तर घोषणाच कोसळते.

आपण मराठी माणसं आणखी एका जागी हमखास पडतो, ती म्हणजे तो. 'बटण दाबलं की दार उघडतं' हे 'बोतान ओ ओसु तो, दोआ गा आकु' असं बरोबर बसतं, म्हणून आपण तो म्हणजे 'की' असं पाठ करतो. पण मराठीत 'पोचलात की फोन करा' चालतं. जपानीत 'त्सुकु तो'नंतर 'देन्वा शिते कुदासाइ' चालत नाही. तोच्या पुढे आपोआप घडणारं यावं. विनंती, हुकूम किंवा स्वतःचा इरादा नको. तिथे मात्र 'त्सुइतारा'च हवा.

राहिला बा. 'यासुकेरेबा काइमासु', स्वस्त असेल तर घेईन. इथे भर अटीवर असतो. विशेषणाला बा लावून पुढे विनंती चालते, पण 'त्सुकेबा'सारख्या क्रियेनंतर 'फोन करा' खटकतं. बाचं एवढंच सांगतो, बाकी वाचून कळेल.

हां, बोलताना तारा सगळ्यात जास्त कामी येतो, हे मान्य. सरांना गमबुटांचा किस्सा सांगितला तर म्हणाले, "ओसाकात नाराच्या जागी ताराच म्हणतात." म्हणतात, पण कसं? 'इकुन्यात्तारा', म्हणजे 'जाणार असाल तर'. त्यातलं 'इकु', म्हणजे 'जाणं', जसंच्या तसं आहे, 'इत्तारा' झालेलं नाही. तारा लागलाय तो 'आहे'च्या अर्थाच्या 'या'ला. म्हणजे काम नाराचंच. हे त्यांना दोनदा लिहून दिलं, अजून उत्तर नाही.