गटचर्चेत शिरायचं कधी, थांबायचं कधी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. पहिल्या मॉक जीडीत, म्हणजे सरावाच्या गटचर्चेत, निम्मा वेळ गेला तरी तोंड उघडता आलं नाही, म्हणून दुसऱ्या वेळी पहिल्या वाक्यापासून बोलत सुटलास, आणि मग 'तू इतरांना बोलू देत नाहीस' असा शेरा मिळाला. तुला या दोन वेगळ्या चुका वाटतात. मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. दोन्ही वेळा तू आपली पाळी कधी येते याकडे डोळे लावून बसला होतास, आणि समोर काय बोललं जातंय ते निसटत होतं.

आधी साधा हिशेब मांडू. कॅम्पस भरतीच्या जीडीत साधारण ८ ते १२ जण असतात आणि वेळ १० ते १५ मिनिटं. समजा १० जण आहेत आणि १२ मिनिटं आहेत. म्हणजे ७२० सेकंद, प्रत्येकाच्या वाट्याला ७२. त्यातला काही वेळ गोंधळात जाणारच. तेव्हा वीस-वीस सेकंदांच्या तीन खेपा मिळाल्या, तर तुझा वाटा तुला पुरेपूर मिळाला. वीस सेकंदांत तीन-चार छोटी वाक्यं बसतात, त्याहून जास्त नाही. तुझ्या दुसऱ्या मॉकमध्ये तू सलग दीड मिनिट बोललास म्हणतोस, म्हणजे एका दमात स्वतःचा पूर्ण वाटा संपवून दुसऱ्याच्या वाट्यात शिरलास. ऐकणाऱ्याला हा हिशेब मांडावा लागत नाही, त्याला तो जाणवतो.

पहिलं कोण बोलतं याला तुम्ही मुलं फार महत्त्व देता. सुरुवात करणाऱ्याकडे लक्ष जातं हे खरं, पण तो काय बोलतो तेही सगळे शांतपणे ऐकतात, कारण तेवढा एकच क्षण शांत असतो. विषयाची नेमकी मांडणी तुझ्याकडे तयार असेल तर जरूर सुरुवात कर. नसेल तर ती संधी दुसऱ्याला जाऊ दे. माझ्या मते जीडीतला सगळ्यात मोलाचा काळ तिसऱ्या ते सहाव्या मिनिटाचा. तोवर घोकलेले मुद्दे संपलेले असतात, दोन-तीन जण तेच तेच जोरात बोलत असतात, आणि चर्चा पुढे न्यायला कुणीतरी हवा असतो.

एक विषय घेऊन बघू: 'यूपीआय व्यवहारांवर शुल्क असावं का?' असे विषय येतात, कारण सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. पहिला जण डिजिटल व्यवहारांचं कौतुक करून बसतो. दुसरी म्हणते, शुल्क लावलं तर सामान्य माणूस पुन्हा रोखीकडे वळेल. तिसरा म्हणतो, बँकांना सर्व्हर चालवायला, फसवणूक रोखायला खर्च येतो, तो कोण देणार? मग चौथा दुसरीची बाजू घेतो, पाचवी तिसऱ्याची, आणि 'सामान्य माणूस' विरुद्ध 'बँकांचा खर्च' असा मासळीबाजार सुरू होतो. या गोंधळात तू 'मला वाटतं शुल्क नसावं' म्हणालास, तर गर्दीत आणखी एक आवाज वाढला, एवढंच.

त्याऐवजी कान देऊन ऐकलंस तर लक्षात येईल की एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही: शुल्क कुणाकडून घ्यायचं? तुझी पहिली खेप अशी होऊ शकते: 'खर्चाचा मुद्दा आत्ता आला, त्यातच एक फरक करूया. आपण एकमेकांना पैसे पाठवतो ते वेगळं आणि दुकानात देतो ते वेगळं. क्रेडिट कार्डावर पैसे घेतले की दुकानदाराला एमडीआर, म्हणजे त्या व्यवहाराचं शुल्क, भरावा लागतो, बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर मात्र जानेवारी २०२० पासून तो शून्य आहे. मग प्रश्न असा की छोटा भाजीवाला आणि मोठी दुकानसाखळी, दोघांना एकच नियम हवा का?' आणि इथे थांबायचं. उत्तर तू द्यायचं नाहीस. तुझ्याकडे उत्तर असेल तरी ठेव, पुढच्या खेपेला कामी येईल.

यात काय झालं ते बघ. दोन्ही गटांना बोलायला नवी जागा मिळाली. सामान्य माणसाची बाजू घेणारी आता भाजीवाल्याबद्दल बोलेल, खर्चाची बाजू घेणारा मोठ्या दुकानांकडून वसुली सुचवेल. निवड करणाऱ्या पॅनेलवर बसते तेव्हा मी हेच टिपत असते: एखादा बोलून गेल्यावर पुढचे दोन-तीन जण त्याच्या मुद्द्यावर बोलले का? बोलले असतील, तर त्याने चर्चा वळवली. कितीही अस्खलित बोलला आणि पुढचा माणूस जणू काही झालंच नाही असा आपल्याच मुद्द्यावर गेला, तर ते भाषण हवेत विरलं. प्रत्येक कंपनीचं गुणांकन वेगळं असतं आणि ते तुम्हाला सांगितलंही जात नाही, पण ही गोष्ट समोर बसलेल्या कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

आता शिरण्याचं तंत्र. तू लिहिलंस की 'कुणी थांबतच नाही'. बरोबर आहे, तापलेल्या चर्चेत कुणी थांबत नाही. तिथे शांततेची वाट पाहिलीस तर वेळ संपेल. वाट पाहायची ती वाक्य संपण्याची. बोलणाऱ्याचं वाक्य संपतं, तो पुढच्यासाठी श्वास घेतो, तिथे शिरायचं. सुरुवात त्याच्याच शेवटच्या शब्दाने कर: तो 'खर्च' म्हणाला की 'खर्चाचंच बोलायचं तर...' याचे दोन फायदे आहेत. आपलाच मुद्दा पुढे जातोय असं वाटून तो सहसा थांबतो. शिवाय तुझे पहिले चार-पाच शब्द बहुधा इतरांच्या आवाजात बुडतात, म्हणून त्यात मुद्दा ठेवूच नये. एमडीआरचं वर्ष पहिल्याच दमात सांगितलंस तर कुणालाच ऐकू येणार नाही.

पहिले शब्द थोडे मोठ्याने म्हण आणि मग आवाज नेहमीच्या पट्टीत आण. नजर ज्याला अडवलंस त्याच्यावर रोखू नकोस, पॅनेलकडे तर मुळीच नको. समोरच्या बाजूला जो शांतपणे ऐकत असेल त्याच्याकडे बघून सुरुवात कर. तो मान डोलावतो, आणि एकाने ऐकायला घेतलं की बाकीचेही ऐकतात.

कधी तू आणि दुसरा एकाच क्षणी सुरू कराल. पहिल्यांदा असं झालं तर सरळ म्हण, 'तुम्ही बोला, मी तुमच्यानंतर बोलतो.' सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे त्याचं संपलं की पाळी जवळजवळ तुझीच. दुसऱ्यांदाही असंच झालं तर सोडू नकोस, दरवेळी मागे हटलास तर तुझा मुद्दा राहून जाईल.

वर्चस्वाबद्दल थोडं मोकळेपणी लिहिते, कारण ते फक्त सेकंदांत मोजता येत नाही. प्रत्येकाच्या बोलण्यावर आपलं मत देणं, दुसऱ्याचं अडखळलेलं वाक्य आपण पूर्ण करणं, कुणी आकडा चुकवला की लगेच टोकणं, हे सगळं त्यातच येतं. आकडा असा चुकला असेल की त्यावर सगळी चर्चा उभी आहे, तरच दुरुस्त कर, तेही 'माझ्या माहितीप्रमाणे' एवढ्या शब्दांत. 'आधी फायदे बघू, मग तोटे' असं म्हणून स्वतःच सूत्रधार होण्याची युक्ती क्लासमध्ये शिकवतात. दिवसभरात इतक्या वेळा ऐकलेली असते की पॅनेलला ती पाठ असते, आणि गट बहुतेकदा ती ऐकतही नाही.

आणखी एक कळकळीने सांगते. गप्प बसलेल्या मुलीला 'तुम्ही काहीच बोलला नाहीत, तुमचं मत सांगा' असं सगळ्यांसमोर विचारू नकोस. विचारणाऱ्याला वाटतं आपण मनाचा मोठेपणा दाखवला, पण ती मात्र एकदम उजेडात येते, अडखळते, आणि तिचं नुकसान होतं. तिने मघाशी अर्धवट काही म्हटलं असेल तर ते उचल: 'यांनी मघाशी खेड्यातल्या नेटवर्कचं सुरू केलं होतं, ते राहून गेलं.' तिच्याकडे बोलायला काहीतरी आहे अशी जागा तिला मिळते. तिने घेतली तर उत्तम, नाही घेतली तरी मुद्दा चर्चेत आला.

समारोपाबद्दल तू दोनच ओळी विचारल्यास, पण घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो. शेवटची दोन मिनिटं उरली की मुलं समारोपाच्या नावाखाली आपलं मत पुन्हा ठासून मांडतात, किंवा बोलता बोलता नवा मुद्दा आणतात. समारोप गटाच्या चर्चेचा असतो. त्यात तीनच गोष्टी लागतात: प्रश्न काय होता, कशावर एकमत झालं, कशावर झालं नाही. आपल्या विषयावर तो असा होईल:

'यूपीआयवर शुल्क असावं का, यावर आपण बोललो. ग्राहकाकडून थेट शुल्क नको, यावर जवळपास सगळे सहमत होते. व्यवस्था चालवण्याचा खर्च कुणीतरी उचलायला हवा, हेही दोन्ही बाजूंनी मान्य केलं. मतभेद राहिला तो एवढाच: काहींच्या मते तो सरकारने उचलावा, काहींच्या मते मोठ्या दुकानदारांकडून घ्यावा. छोट्या विक्रेत्यांना वगळावं, हा मुद्दा दोन्हीकडून आला.'

एवढं बोलायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. यात कुणाचं नाव नाही, कोण जिंकलं ते नाही, आणि जे एकमत झालंच नाही ते झाल्याचा आवही नाही. 'आपण सर्वांनी मिळून ठरवलं' असं खोटं वाक्य टाकलंस तर ज्यांचं म्हणणं गाळलंस ते तिथेच तोंड उघडतात, आणि ते रास्तच असतं.

हा समारोप शेवटी बसून सुचत नाही. कागद-पेन नेऊ दिलं तर पान उभं दुमडून मध्ये घडी पाड. डावीकडे ज्यावर सगळे माना डोलावतात ते, उजवीकडे ज्यावर वाद होतो ते, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत. चर्चेभर खाली मान घालून लिहीत बसू नकोस, सात-आठ नोंदी पुरेत. कागद न्यायला मनाई असेल तर निदान एकमताचा एक आणि वादाचा एक मुद्दा डोक्यात धरून ठेव. दुसऱ्याच कुणी समारोप सुरू केला तर त्याच्याशी झटू नकोस. त्याने एखादी बाजू गाळली तर तेवढीच एका वाक्यात जोड. पॅनेलने प्रत्येकाला वेगळा समारोप सांगितला आणि तुझा नंबर आठवा आला, तर आधीच्या सात जणांचं तेच पुन्हा सांगू नकोस. जो मतभेद त्यांच्याकडून सुटला तो नेमका सांग आणि थांब.

सरावासाठी तुमच्या आठ जणांत दर फेरीला एकाला बाहेर बसवा. त्याने कागदावर सगळ्यांची नावं गोलात लिहायची आणि कोण कुणाच्या मुद्द्याला धरून बोललं त्याचे बाण काढायचे. कुणाचाही मुद्दा न धरता बोलणाऱ्याच्या नावापुढे नुसता ठिपका. फोनवर रेकॉर्डिंगही करा, म्हणजे सेकंद नंतर मोजता येतील. तुझ्या नावापुढे ठिपके जास्त आहेत की बाण, आणि तुझ्याकडे येणारे बाण किती, ते आधी बघ. पहिल्या दोन फेऱ्यांचे कागद आणि रेकॉर्डिंग मला पाठव, मी ऐकून कुठे शिरायला जागा होती ते वेळेसकट लिहून कळवते.

तुझी,
ताई