एएलपीच्या मेडिकलआधी लेसिक करावं का?

प्रश्न : रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे एएलपीचा फॉर्म भरतोय. दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेदोन नंबर आहे. मेडिकलच्या आधी लेसिक केलं तर चालेल ना? क्लासचे सर म्हणतात चालतं.

अजिबात करू नका. एएलपीला ए-१ हा वैद्यकीय दर्जा लागतो : चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६. त्याखालीच जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की लेसिक किंवा नंबर घालवण्याची कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदाला अपात्र. ही ओळ सरांना दाखवा आणि ते काय म्हणतात तेही इथे कळवा.

माझाही नंबर साधारण तुमच्याएवढाच होता आणि मी लेसिक करून बसलो. ज्या दवाखान्यात गेलो तिथे 'रेल्वेसाठी करायचंय' असं सांगूनच पैसे भरले होते. त्यांनी सहा बाय सहाचा दाखला हसत हसत दिला. सीबीएटीला, म्हणजे संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीला, नेत्रतज्ज्ञाचा दाखला दाखवावा लागतो, तिथेही कुणी हरकत घेतली नाही. पण तो दाखला रेल्वेच्या डॉक्टरवर बंधनकारक नसतो. रेल्वेच्या मेडिकलमध्ये तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवली, डॉक्टरांनी तिरका उजेड टाकला आणि विचारलं, "लेसिक कधी केलं?" लेसिकमध्ये कॉर्नियाचा पापुद्रा उचलून परत बसवतात. त्याची गोल कड वर्षानुवर्षं दिसू शकते, त्यामुळे लपवायच्या भानगडीत पडू नका. नंतर दवाखान्यात जाब विचारला, तर म्हणे "नंबर गेला ना? मग?"

खरा फटका पुढे आहे. मेडिकलला अनफिट झालात, तर त्याच भरतीत दुसरं पद मिळत नाही. सीबीटी म्हणजे संगणकावरची परीक्षा, सीबीएटी, सगळं पाण्यात.

मायनस पावणेदोन असलेल्याला चष्म्यासकट दारं उघडी आहेत. ए-३ला दोन्ही डोळे ६/९ लागतात आणि काच २ डायॉप्टरपर्यंत चालते. बी-१ला एक डोळा ६/९, दुसरा ६/१२ आणि काच ४ पर्यंत. तंत्रज्ञाची बरीच पदं बी-१ आणि सी-१मध्ये असतात. कुठल्या पदाला कुठला दर्जा हे जाहिरातीच्या परिशिष्टात असतं, ते पाहूनच पसंती भरा. स्टेशन मास्तरकडे मात्र वळू नका, तिथला ए-२ही बिनचष्म्याचा आहे. रंग ओळखण्यात दोष असेल तर ए-१ ते ए-३ आणि बी-१ विसरा, त्याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही.

चष्मा नसलेले मित्रही ए-१मध्ये अडकतात, ते फॉगिंग टेस्टला. डोळ्यासमोर प्लस २ ची काच धरतात. तक्ता धूसर व्हायला हवा. तरीही स्वच्छ दिसला तर छुपा प्लस नंबर आहे आणि उमेदवार बाद. ही चाचणी साध्या चष्म्याच्या दुकानातही करून बघता येते.

सैन्यात वेगळं आहे. सीडीएससारख्या अधिकारी भरतीत वयाच्या विशीनंतर केलेलं लेसिक, वर्षभराचं अंतर आणि कॉर्नियाची जाडी वगैरे अटींवर चालतं. सरांचा घोळ बहुधा तिथूनच आला असावा. मी डॉक्टर नाही, तेव्हा नियम तुमच्याच जाहिरातीत तपासा.